‘केस जाळले’ असं लिहिण्याआधी : स्मूदनिंगच्या एका रिव्ह्यूचं प्रकरण

सोसायटीच्या तळमजल्यावरचं तीन खुर्च्यांचं पार्लर. मालकीण स्वतः काम करते, हाताखाली दोन मुली. ग्राहक तिशीतली, नोकरी करणारी, केस पाठीच्या मध्यापर्यंत म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर, मूळचे लाटदार. महिन्याभरावर दिराचं लग्न होतं म्हणून तिने केस सरळ करणारं स्मूदनिंग करून घेतलं. फोनवर ४,५०० रुपये सांगितले होते, बिल ५,५०० झालं. तिसऱ्या आठवड्यात केस मधूनच तुटायला लागले आणि त्याच रात्री तिने रिव्ह्यू लिहायला घेतला. दोन्ही बाजूंची नावं इथे देत नाही, कारण प्रश्न त्या पार्लरचा नसून त्या रिव्ह्यूचा आहे.

पहिला मसुदा असा होता :

‘थर्ड क्लास पार्लर!! केराटिनच्या नावाखाली माझे सगळे केस जाळून टाकले. अर्धं टक्कल पडलंय. जिच्या स्वतःच्या डोक्यावर झाडू आहे तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा? शिकाऊ पोरी ठेवल्यात, वाट्टेल ते केमिकल फासतात. झिपरी झालेय मी, लग्नात तोंड कसं दाखवू? लुटारू आहेत, कुणीही पाऊल ठेवू नका.’

राग खरा आहे आणि नुकसानही झालेलं आहे. पण हे वाचून दुसऱ्या ग्राहकाला काय कळतं? काहीच नाही. कोणती सेवा घेतली, केस कुठे तुटले, किती तुटले, आधी त्या केसांवर काय काय झालं होतं, यातलं एकही उत्तर यात नाही. मालकिणीला मात्र हे खोडून काढायला दोन मिनिटं पुरतील : ‘मॅडमना टक्कल पडलेलं नाही, हा त्या दिवशीचा फोटो.’ एक अतिशयोक्ती उघडी पडली की उरलेली खरी तक्रारही तिच्यासोबत बुडते.

म्हणून आधी केसांकडे बघू, रिव्ह्यूकडे नंतर येऊ.

नक्की काय केलं होतं

बिलावर ‘स्मूदनिंग’ असं लिहिलं होतं, केराटिन नव्हे. बोलताना सगळेच दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, पण रिव्ह्यूत ही गल्लत चालत नाही. केराटिनचा थर केसावर बसतो आणि तीन ते पाच महिन्यांत धुतला जातो. स्मूदनिंगमध्ये केसाची आतली रचनाच बदलते. केसाला ताकद देणाऱ्या गंधकाच्या जोडण्या क्रीमने सैल करायच्या, केस धुऊन, वाळवून, इस्त्रीसारख्या गरम मशीनने सरळ करायचे आणि मग न्यूट्रलायझर लावून त्या जोडण्या नव्या आकारात पुन्हा बसवायच्या, असं ते काम. जेवढ्या लांबीवर क्रीम लागलं तेवढी लांबी कायमची सरळ राहते. मुळातून येणारा नवा केस मात्र आपल्या मूळ वळणानेच येतो.

या प्रकरणाचा सगळा गुंता ह्या शेवटच्या वाक्यात आहे. ग्राहकाने चौदा महिन्यांपूर्वी दुसरीकडे स्मूदनिंग केलं होतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडा जास्त वाढतो, म्हणजे मुळापासून सुमारे १५ सेंटिमीटर केस नवा, लाटदार होता आणि त्याखालचे ३५ सेंटिमीटर एकदा क्रीम खाऊन बसलेले होते. सैल केलेल्या जोडण्या सगळ्या परत जुळत नाहीत, काही कायमच्या जातात. त्यामुळे अशा केसावर दुसऱ्यांदा काम करताना क्रीम फक्त नव्या वाढीवर लावतात, टाळूपासून सुमारे एक सेंटिमीटर सोडून, आणि जुन्या भागाला आधीच कंडिशनर किंवा संरक्षक क्रीम लावून ठेवतात, म्हणजे धुताना ओघळ आला तरी तो तिथे धरत नाही. हे काम सावकाशीचं आणि कंटाळवाणं आहे. एकेक बट उचलून, जुनी-नवी हद्द कुठे आहे ते बघत लावावं लागतं. शनिवारच्या गर्दीत घाई झाली की ब्रश मुळापासून टोकापर्यंत एका दमात फिरतो.

इथे तेच झालं. ग्राहकाने क्रीम लावलेल्या अवस्थेत बहिणीला एक सेल्फी पाठवला होता, त्यात टोकंसुद्धा क्रीमने पांढरी दिसतात. तो १२ वाजून २० मिनिटांचा. बेसिनवर डोकं टेकवून काढलेला दुसरा फोटो १ वाजून १० मिनिटांचा. म्हणजे क्रीम किमान ५० मिनिटं केसांवर होतं. हे फोटो तिने गंमत म्हणून काढले होते, पण रिव्ह्यूसाठी तेच सगळ्यांत भक्कम निघाले.

पार्लरने आधी विचारलं होतं का? हो. ‘आधी काही करून घेतलंय का, ताई?’ असं मालकिणीने विचारलं होतं आणि ग्राहकाने गेल्या वर्षीच्या स्मूदनिंगचं सांगितलं होतं. पाच महिन्यांपूर्वी घरी लावलेल्या काळ्या मेहंदीचं मात्र सांगितलं नव्हतं, कारण मेहंदी म्हणजे ‘काही करून घेणं’ हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. काळी म्हणून मिळणारी मेहंदी पुष्कळदा मेहंदीच्या पुड्यातला डायच असतो, त्यामुळे ती सांगायलाच हवी. तिचा या तुटण्यात वाटा किती होता, हे आता बाहेरून कुणालाच ठरवता येणार नाही. रिव्ह्यूत ही गोष्ट गाळायची मात्र नाही. ती मालकिणीच्या उत्तरातून बाहेर आली तर वाचणाऱ्याला वाटतं, ही बाई अर्धंच सांगते.

गळलेला केस आणि तुटलेला केस

स्मूदनिंगनंतर तीन दिवस डोकं धुवायचं नाही, केस बांधायचे नाहीत, असं सांगतात. चौथ्या दिवशी ग्राहकाने डोकं धुतलं आणि जाळीवर केसांचा गुंता जमलेला बघून तिच्या पोटात गोळा आला. ‘अर्धं टक्कल’ हा शब्द तिथूनच आला.

त्या गुंत्याचा हिशोब वेगळा आहे. निरोगी डोक्यावरूनही रोज ५० ते १०० केस गळतात. रोज विंचरताना आणि एक दिवसाआड धुताना ते थोडे थोडे निघून जातात, म्हणून जाणवत नाहीत. तीन दिवस ना धुणं ना नीट विंचरणं, मग ते सगळे एकाच वेळी हातात येतात. एवढ्यावरून केस गेले असं म्हणता येत नाही.

खरी तपासणी सोपी आहे. गुंत्यातले वीस-पंचवीस केस सोडवायचे आणि पांढऱ्या कागदावर एकेक आडवा ठेवायचा. ज्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान पांढरट गाठ दिसते, तो मुळापासून आलेला, म्हणजे गळलेला केस. ज्याच्या दोन्ही टोकांना गाठ नाही आणि एक टोक फाटल्यासारखं, झुपकेदार दिसतं, तो मधून तुटलेला. चौथ्या दिवशीच्या गुंत्यात बहुतेक केस लांब आणि गाठीचे होते. तिसऱ्या आठवड्यात उशीवर आणि कंगव्यात आलेल्या केसांत चित्र उलटं होतं. बहुतेकांना गाठ नव्हती आणि लांबी ३० ते ३५ सेंटिमीटर होती.

आता ही लांबी वरच्या हिशोबाला लावून बघा. ५० सेंटिमीटरचा केस, खालचा ३५ सेंटिमीटरचा तुकडा हातात आला, म्हणजे डोक्यावर उरला १५ सेंटिमीटर. बरोबर तिथेच जुन्या-नव्या केसाची हद्द होती. केस विस्कटून बघितल्यावर डोक्याच्या मागच्या आणि वरच्या भागात बोटभर लांबीचे नव्हे, तर वीतभराहून थोडे कमी लांबीचे केस ताठ उभे दिसत होते. त्यांची टोकं एकाच पातळीवर होती. नव्याने उगवणारे केसही आखूड असतात, पण त्यांचं टोक निमुळतं असतं आणि लांबी कमीजास्त असते. एका पातळीवर, बोथट टोकाने तुटलेले केस म्हणजे तुटण्याची जागा ठरलेली आहे. टाळू मात्र स्वच्छ होती. लाली नाही, खपली नाही, आग नाही, भांग रुंदावलेला नाही.

एवढ्या पाहणीने पहिल्या मसुद्यातले दोन शब्द पडले, ‘जाळले’ आणि ‘टक्कल’. पण त्यांच्या जागी जे आलं ते पार्लरला जास्त जड आहे. ‘जुनं स्मूदनिंग सांगूनही क्रीम मुळापासून टोकापर्यंत लावलं आणि केस त्याच हद्दीवर तुटले’ हे वाक्य कुठलीही काम जाणणारी बाई वाचेल तर तिला पुढे काही सांगावं लागत नाही.

आणखी एक तपासणी घरी करता येते. ओला केस दोन चिमटींत धरून हलकेच ताणायचा. चांगला केस थोडा ताणला जातो आणि सोडला की परत येतो. जास्त क्रीम झालेला केस रबरासारखा लांबत जातो, परत येत नाही आणि तुटतो. ग्राहकाचा मुळाकडचा भाग ताणून परत येत होता, खालचा येत नव्हता. पार्लरमध्ये हीच तपासणी काम सुरू करण्याआधी एका बटेवर आणि क्रीम लावल्यावर दर काही मिनिटांनी करायची असते. ती केली नाही, असं ग्राहक ठामपणे म्हणू शकते का? डोकं मागे, डोळे मिटलेले, हातात फोन. ‘मला करताना दिसली नाही’ एवढंच ती म्हणू शकते, आणि रिव्ह्यूत तेवढंच जावं. क्रीमचंही तसंच. ५० मिनिटं जास्त झाली की नाही, हे त्या क्रीमवर आणि केसाच्या जातीवर ठरतं. आपण वेळ लिहावी, निवाडा लिहू नये.

किती नुकसान

‘सगळे केस’ हे मोजून बघितलं तर टिकत नाही. ग्राहकाने पोनी बांधून दोऱ्याने वेढा मोजला. रबराजवळ ८ सेंटिमीटर, रबरापासून २० सेंटिमीटर खाली साडेसहा. कागदावर आकडेमोड केली तर वेढा साडेसहा झाला म्हणजे पोनीच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांश घटलं असं निघतं, आणि ‘एक तृतीयांश केस गेले’ असं लिहिण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण आधीचं माप नाही आणि प्रत्येकीचीच पोनी खाली निमुळती होत जाते. दोन्ही आकडे लिहायचे, टक्केवारी काढायची नाही.

‘कायमचं नुकसान’ हेही खरं नाही. मुळं शाबूत आहेत आणि नवा केस ठीक येतोय. उलट मैत्रिणी म्हणतात तसं ‘दोन महिन्यांत होईल बरोबर’ हेही खरं नाही. जो केस १५ सेंटिमीटरवर तुटला त्याला पुन्हा ५० सेंटिमीटर व्हायला अजून ३५ सेंटिमीटर वाढावं लागेल, म्हणजे सुमारे तीन वर्षं. तुटलेलं टोक कुठल्याही हेअर स्पाने सांधत नाही. स्पाने थर बसतो, चमक येते, गुंता कमी होतो, तीन-चार धुण्यांनी तो थर जातो. ग्राहकाला खालून ६ सेंटिमीटर कापून घ्यावे लागले आणि लग्नात केस मोकळे न सोडता आंबाडा घालावा लागला. यातलं कापलेल्या केसांचं माप मोजता येणारं आहे, म्हणून रिव्ह्यूत त्याला जागा आहे.

जे चांगलं झालं तेही याच पाहणीतून निघालं. मुळाकडचे १५ सेंटिमीटर एकसारखे सरळ झाले होते. भांगाजवळ किंवा मानेवर मशीनची मोड पडलेली नव्हती, टाळूला क्रीम लागलेलं नव्हतं. हे लिहिणं म्हणजे पार्लरवर मेहेरबानी नव्हे. जिने आयुष्यात कधी स्मूदनिंग केलेलं नाही, अशी मुलगी हा रिव्ह्यू वाचत असेल तर तिच्यासाठी हीच माहिती कामाची आहे. त्या पार्लरमध्ये कोऱ्या केसावर काम कदाचित बरं होत असेल, जुन्या केसावर जपून.

रूपावर का जायचं नाही

पहिल्या मसुद्यात कामाऐवजी माणसांवर तीन शेरे आहेत. मालकिणीच्या डोक्यावर ‘झाडू’, हाताखालच्या ‘शिकाऊ पोरी’, आणि स्वतःसाठी ‘झिपरी’.

मालकिणीचे केस कसे आहेत याचा तिच्या कामाशी संबंध नाही. दिवसभर वाफ, क्रीम आणि मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या कित्येक जणींचे केस कोरडे असतात, आणि काम उत्तम असतं. शिवाय आसपासच्या दोन गल्ल्यांत तिला सगळे ओळखतात. नाव न घेता केलेला शेरासुद्धा तिच्याच डोक्यावर जाऊन बसतो. ‘शिकाऊ पोरी’ या शब्दांत मात्र एक कामाची गोष्ट दडलेली आहे : क्रीम कुणी लावलं? तेवढंच लिहायचं, ‘क्रीम सहाय्यक मुलीने लावलं, मालकीण त्या वेळी दुसऱ्या ग्राहकाकडे होत्या.’ ती मुलगी दिसायला कशी, बोलते कशी, कुठल्या गावची, याची कुणाला गरज नाही.

स्वतःवरचा शेरा लोक निरुपद्रवी समजतात. पण ‘झिपरी’, ‘भूत’, ‘माकड’ असे शब्द ज्या केसांना लावले जातात, तसेच केस वाचणाऱ्या शंभर जणींचे जन्मतः असतात. कुरळे, फुगणारे, आखूड केस ही काही पार्लरने दिलेली शिक्षा नव्हे. ‘केस फुगलेले दिसतात’ हे वर्णन आहे, ‘झिपरी दिसते’ हा शेरा आहे. फरक करायची एक साधी कसोटी : ते वाक्य केसाबद्दल आहे की बाईबद्दल? बाईबद्दल असेल तर काढून टाकायचं.

फोटोंनाही हेच लागू. ग्राहकाच्या गॅलरीतला सगळ्यांत स्पष्ट फोटो पार्लरच्या आरशातला होता आणि त्यात मागच्या खुर्चीवर चेहऱ्याला फेसपॅक लावलेली दुसरी एक बाई दिसत होती. तो फोटो तसाच टाकणं म्हणजे तिसऱ्याच कुणाला तरी विनाकारण चव्हाट्यावर आणणं. तिने तो कापून घेतला, फक्त स्वतःचे केस ठेवले. नंतरचे फोटो घरी खिडकीजवळ, सकाळी, पाठ उजेडाकडे करून, केस कोरडे आणि बिनतेलाचे असताना काढले. तेल लावलेला केस काळा दिसतो, ओला केस विरळ दिसतो, त्यामुळे एक ओला आणि एक कोरडा असे शेजारी ठेवले की न बोलता खोटं बोललं जातं. एका फोटोत तुटलेले सहा केस पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी. बाकी दहा फोटो टाकण्यापेक्षा हा एक पुरेसा होता.

लिहिलेला रिव्ह्यू

तेविसाव्या दिवशी तिने हे टाकलं. स्टार दोन.

‘सेवा : स्मूदनिंग, पूर्ण लांबी. फोनवर ४,५०० सांगितले, लांबीमुळे ५,५०० घेतले. हे काम सुरू करण्याआधी सांगितलं नाही, बिलाच्या वेळी कळलं.

माझे केस लाटदार, ५० सेंमी. १४ महिन्यांपूर्वी दुसरीकडे स्मूदनिंग केलं होतं, ते विचारल्यावर मी सांगितलं. पाच महिन्यांपूर्वी काळी मेहंदी लावली होती, ते माझ्याकडून सांगायचं राहिलं.

क्रीम मुळापासून टोकापर्यंत लावलं (फोटो १), साधारण ५० मिनिटं ठेवलं. क्रीम सहाय्यकांनी लावलं. सुरुवातीला एका बटेवर करून बघणं किंवा मध्ये केस ताणून बघणं मला दिसलं नाही.

चांगलं : मुळाकडचे १५ सेंमी छान सरळ झाले, मोड नाही, टाळूला काही त्रास नाही. वागणूक चांगली, जागा स्वच्छ.

अडचण : तिसऱ्या आठवड्यापासून केस मुळापासून सुमारे १५ सेंमीवर तुटतायत, म्हणजे जिथे जुना सरळ केस सुरू होतो तिथे (फोटो २, ३). मागच्या आणि वरच्या भागात जास्त. टाळूवरून केस गेलेले नाहीत. पोनीचा वेढा वर ८ सेंमी, २० सेंमी खाली ६.५. खालून ६ सेंमी कापावे लागले.

पार्लरला १९ व्या दिवशी दाखवलं. त्यांनी हेअर स्पा सुचवला, कारण सांगितलं नाही.

आधी स्मूदनिंग झालं असेल तर इथे जाताना क्रीम फक्त नव्या वाढीवर लावणार का, ते आधी विचारून घ्या. पहिल्यांदाच करणाऱ्यांबद्दल मी सांगू शकत नाही.’

यात ‘जाऊ नका’ नाही. कुणी जावं, कुणी काय विचारून जावं, ते आहे. ‘लुटारू’ नाही, दोन आकडे आहेत. माझ्या मते हजार रुपयांची वाढ आधी न सांगणं हीसुद्धा तक्रार आहेच, पण केसांच्या तक्रारीत मिसळली की दोन्ही पातळ होतात, म्हणून ती वरच्या ओळीतच संपवलेली बरी. स्टार दोन का, एक का नाही? ज्या भागावर काम व्हायला हवं होतं तो भाग नीट झाला म्हणून. एक स्टार टाळू भाजली, जखम झाली किंवा दाखवायला गेल्यावर हाकलून दिलं, अशांसाठी राखून ठेवावा. टाळूला आग, फोड, खपली असेल तर मात्र रिव्ह्यू नंतर, आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. त्यांचा कागद पुढे तक्रारीलाही लागतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे, आणि खरी व लोकहितासाठी सांगितलेली गोष्ट त्याला अपवाद आहे. ‘१५ सेंमीवर तुटले’ हे मोजपट्टीने दाखवता येतं, ‘लुटारू’ कशाने दाखवणार? भरपाईचंही तसंच आहे. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली कमतरता मान्य ठेवली, पण रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं, कारण एवढ्या नुकसानीला पुरावा समोर नव्हता. चूक सिद्ध होणं आणि नुकसान सिद्ध होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि तिथेही बिल, तारखा आणि फोटोच विचारतात.

मालकिणीचं उत्तर आणि नंतरची ओळ

दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘नमस्कार ताई. आपण मेहंदी लावल्याचे सांगितले नव्हते, मेहंदीवर रिझल्ट असाच येतो. तरी आपण या, दोन स्पा फ्री करून देऊ. रिव्ह्यू काढावा ही विनंती.’

रिव्ह्यूत मेहंदीची ओळ आधीच असल्यामुळे हे उत्तर हवेत गेलं. इथे वाद घालायचा मोह होतो आणि पंधरा उत्तर-प्रत्युत्तरांत मूळ मुद्दा दिसेनासा होतो. ग्राहकाने एकच ओळ लिहिली : ‘मेहंदीचं मी वर लिहिलं आहे. मेहंदी सगळ्या लांबीवर होती, केस एकाच पातळीवर तुटतायत.’ फोनवर बोलणं झालं, स्पाऐवजी तिने पैशांचा विषय काढला आणि पार्लरने २,००० रुपये परत दिले. रिव्ह्यू काढून टाकायची अट तिने मान्य केली नाही, पण मूळ मजकुराखाली तारीख घालून लिहिलं : ‘पार्लरने २,००० परत केले, बोलणं समजूतदार होतं.’ स्टार दोनाचे तीन केले. हे तिने स्वतःच्या मनाने केलं, आणि का केलं तेही त्याच ओळीत लिहिलं. पैसे मिळाले म्हणून गुपचूप पाच स्टार झाले असते तर पुढच्या ग्राहकाची फसवणूक तिच्याच हातून झाली असती.

शेवटची नोंद तिने तीन महिन्यांनी करायची ठेवली होती. ताप, बाळंतपण, मोठा ताण अशा कारणांनी मुळापासून गळणारा केस दोन-तीन महिन्यांनी गळतो, त्यामुळे त्या सुमारास केस गळले असते तर ते स्मूदनिंगवर लगेच ढकलता आले नसते. तसं काही झालं नाही. तिने लिहिलं : ‘तीन महिने झाले. नवं तुटणं दुसऱ्या महिन्यापासून जवळजवळ थांबलं. तुटलेले केस आता १८ सेंमीचे आहेत, अजून वेगळे उठून दिसतात. नवी वाढ मूळच्या लाटेची आहे, तिच्यावर परत स्मूदनिंग करणार नाही.’